मतदानाचं वय सोळा: एका अभिरूप संसदेच्या संहितेचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या राज्यशास्त्राच्या वर्गाने अभिरूप संसद घ्यायचं ठरवलं. विषय मुलांनीच निवडला: मतदानाचं वय अठरावरून सोळावर आणणारं विधेयक. वर्गातली बहुतेक मुलं सोळा-सतरा वर्षांची. म्हणजे असं विधेयक खरोखर मंजूर झालं असतं, तर मतदार यादीत पहिल्यांदा नावं लागली असती ती यांचीच.

पट ५४ जणांचा होता. त्यातले ४८ जण सदस्य, आणि अध्यक्ष या ४८ मधलाच एक. उरलेल्या सहा जणांत एक महासचिव, दोन मार्शल आणि तीन प्रतिवेदक. सत्ताधारी बाकांवर २८ आणि विरोधी बाकांवर १९ अशी वाटणी झाली. एकूण वेळ एक तास. वर्गाच्या शिक्षिकांनी दोन विद्यार्थिनींकडून संहिता लिहून घेतली आणि ती तपासायला माझ्याकडे पाठवली. पुढच्या बैठकांना मी हजर होतो, आणि सादरीकरणाच्या दिवशी मागच्या बाकावर बसून पाहत होतो.

अडचण

पहिली संहिता नीटनेटकी होती आणि तीच तिची अडचण होती. नव्या सदस्याची शपथ, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरांचा तास, शून्य प्रहर, पटलावर ठेवायची कागदपत्रं असं सगळं क्रमाने आलं होतं. अशा स्पर्धांमध्ये हा साचा सर्रास दिसतो. पण त्या एका तासात विधेयकाच्या वाट्याला शेवटची दहा-बारा मिनिटं उरली होती. ज्या विषयासाठी एवढा खटाटोप, तो घाईघाईत गुंडाळला जाणार हे उघड होतं.

दुसरी गोष्ट विरोधी बाकांची. त्यांच्या तोंडी वाक्य होतं, “आजची मुलं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, त्यांना राजकारणातलं काय कळणार?” त्यावर मंत्री पानभर भाषण करून विरोधकांना निरुत्तर करतात आणि टाळ्या पडतात. संहिता लिहिणाऱ्या दोघी स्वतः विधेयकाच्या बाजूच्या होत्या, त्यामुळे विरोधकांना त्यांनी पडण्यासाठीच उभं केलं होतं. हे मुद्दाम झालं नव्हतं. समोरच्या बाजूचं लेखन आपल्याच हाती असलं की असं होतंच.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. शेवटच्या पानावर छापलं होतं: “अध्यक्ष: अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे. प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. होयचे बहुमत आहे. विधेयक संमत झाले. (टाळ्या)”

साध्या विधेयकाला आवाजी मतदान चालतं. हे विधेयक मात्र साधं नाही. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुकांसाठी मतदाराचं वय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्येच लिहिलेलं आहे. ते बदलायचं म्हणजे घटनादुरुस्ती, आणि तिला अनुच्छेद ३६८ लागतो. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मतं हवीत. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला लागतात, आणि मतं मोजल्याशिवाय त्या पुऱ्या झाल्या की नाही हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे आवाजावर निकाल देता येत नाही, मतविभागणीच घ्यावी लागते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय शिक्षिकांनीच सुचवला: नवं विधेयक सोडून १९८८ सालची चर्चा उभी करायची. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणणारं विधेयक डिसेंबर १९८८ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं, राज्यांच्या विधानमंडळांचं अनुसमर्थन मिळालं आणि २८ मार्च १९८९ पासून एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली. याची माहिती तयार मिळते, चुका कमी होतात. पण निकाल सगळ्यांना ठाऊक, आणि अठराव्या वर्षी मत देऊ नये असं मनापासून म्हणणारं आज वर्गात कोण सापडणार? विरोधी बाक पुन्हा पोकळच राहिले असते. हा पर्याय मागे पडला, पण १९८८ चा संदर्भ दोन्ही बाजूंनी वापरायचा असं ठरलं. तो पुढे भलत्याच ठिकाणी कामाला आला.

दुसरा पर्याय संहिताच काढून टाकायचा. वर्गातली बोलकी मुलं याच्या बाजूने होती. शिक्षिकांचा विरोध होता आणि तो रास्त होता: मोकळी चर्चा ठेवली की चार-पाच जण बोलतात, बाकीचे चाळीस जण बाक वाजवतात. शिवाय अध्यक्षाच्या तोंडी नेमकी वाक्यं नसतील तर कामकाज कुठल्या टप्प्यावर आहे हेच कुणाला कळत नाही.

तिसरा पर्याय संपूर्ण संहिता ठेवून फक्त चुका सुधारायचा. वेळ सर्वांत कमी लागला असता. पण सुधारणा म्हणजे काय? विधेयक किती मतांनी संमत होणार हे आकडेही लिहून द्यायचे. मग मतविभागणीला अर्थच उरत नाही.

शेवटी अर्धी संहिता ठेवायचं ठरलं. कामकाजाची वाक्यं शब्दन् शब्द लिहायची: अध्यक्ष, महासचिव आणि विधेयक मांडणाऱ्या मंत्र्यांची. भाषणं लिहायची नाहीत. प्रत्येक वक्त्याला एक कार्ड द्यायचं. त्यावर एक मुद्दा, त्याला आधार असलेली एक वस्तुस्थिती आणि समोरून येऊ शकणारा एक प्रतिवाद, एवढंच. बोलायचं आपल्या शब्दांत, दोन मिनिटं. दोन मिनिटांत सव्वादोनशे शब्दांपलीकडे फारसं कुणी जाऊ शकत नाही, तेव्हा कार्डावर एकाहून जास्त मुद्दा लिहिण्यात काही हशील नव्हतं.

विधेयकाच्या आसपासचं काय कापलं

शपथ, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरांचा तास आणि शून्य प्रहर सगळं काढलं. “याने संसद वाटणार नाही” अशी कुरकूर झाली. मंत्री होऊन तारांकित प्रश्नांची उत्तरं द्यायची हौस असलेली दोन मुलं तर रुसलीच. पण एका तासात पाच प्रकारची आयुधं दाखवायची की एक विधेयक सुरुवातीपासून शेवटापर्यंत न्यायचं, यातलं एकच शक्य होतं.

विधेयकाचे टप्पे ठेवले ते असे: मांडण्याची परवानगी, विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव आणि त्यावर चर्चा, मग दुरुस्त्या, आणि शेवटी विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव. प्रत्यक्ष लोकसभेत घटनादुरुस्ती विधेयक विचारार्थ घेताना आणि कलमवार मतदानातही विशेष बहुमत बघितलं जातं. वर्गात फक्त शेवटची मतविभागणी ठेवली. ही सूट घेतली आहे हे अध्यक्षाने सुरुवातीलाच सांगायचं, असं संहितेत लिहिलं.

प्रतिवाद कसा उभा राहिला

कार्डं लिहिताना एक युक्ती केली, आणि या प्रकरणात मला ती सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येकाने आधी विरुद्ध बाजूचं कार्ड लिहायचं, आणि तेच कार्ड समोरच्या बाकावरच्याला द्यायचं. त्यामुळे मोबाइलचं वाक्य आपोआप गळालं. आपल्याच बाजूवर उलटणारा कमकुवत मुद्दा कुणी लिहीलही, पण तो वर्गमित्राच्या हातात द्यायचा म्हटल्यावर लाज वाटते.

सरावात उभा राहिलेला एक तुकडा इथे देतो. प्रतिवेदकांनी तो टिपून घेतला होता.

“सत्ताधारी सदस्य: अध्यक्ष महोदय, विरोधी बाजू म्हणते की कायद्याने सज्ञान नाही त्याला मत कसं द्यायचं. मी आठवण करून देते की सज्ञानतेचा कायदा १८७५ सालचा आहे आणि त्यात वय अठरा आहे. तरीही १९८९ पर्यंत मतदानाचं वय एकवीस होतं. एकोणीस वर्षांचा माणूस करार करू शकत होता, मत देऊ शकत नव्हता. म्हणजे ही दोन वयं एकच असली पाहिजेत असं आपल्या देशाने कधी मानलेलंच नाही.

विरोधी सदस्य: अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी सांगितलं ते खरं आहे. पण तेव्हा मतदानाचं वय सज्ञानतेच्या वर होतं. आज तुम्ही ते खाली नेताय. सज्ञान झाल्यावर आणखी थांबायला लावणं वेगळं आणि सज्ञान होण्याआधीच अधिकार देणं वेगळं. ज्याची सही करारावर चालत नाही, त्याचं मत सरकार निवडायला चालणार का?”

या दोन उत्तरांनंतर सरावात क्षणभर कुणीच बोललं नाही. मुलीचा मुद्दा पक्का होता, आणि मुलाने तो न नाकारता त्याची दिशा दाखवली होती. असं कुणाला आधी लिहून देता आलं नसतं.

दुसरा चांगला सामना झाला तो पाच वर्षांच्या मुद्द्यावर. सत्ताधारी बाजूचं म्हणणं: लोकसभा निवडणुकीच्या अर्हता दिनांकानंतर, म्हणजे मतदार यादीसाठी वय ज्या दिवशी मोजतात त्या दिवसानंतर, एका दिवसाने जो अठरा पूर्ण करतो, त्याला त्या सभागृहासाठी पहिलं मत देताना तेविसावं वर्ष लागलेलं असतं. वय सोळा केलं तर हीच व्यक्ती त्याच निवडणुकीत मत देईल. विरोधी बाजूने शांतपणे उत्तर दिलं की रेषा कुठेही ओढा, एका दिवसाने हुकणारा कुणीतरी असणारच. तो प्रश्न वयाचा नाही, अर्हता दिनांकाचा आहे, आणि त्यासाठी २०२१ च्या कायद्याने वर्षात एकाऐवजी चार दिनांक केलेच आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आता यातही एक फट आहे. चार दिनांकांनी काही महिन्यांची वाट वाचते, पाच वर्षांचा फेरा तसाच राहतो. सरावात ती कुणाला दिसली नाही, प्रत्यक्ष दिवशी दिसली.

बाहेरच्या देशांचे दाखले मोजकेच ठेवले. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सर्व निवडणुकांसाठी सोळा केलं. ब्राझीलमध्ये १९८८ च्या संविधानापासून सोळा-सतराच्या तरुणांना मत देता येतं, पण सक्ती नाही, मोठ्यांना आहे. २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने सोळा वर्षांच्यांना मत दिलं. यांतलं ब्राझीलचं उदाहरण दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं. सत्ताधारी म्हणतात बघा, चालतं. विरोधक म्हणतात, तिथेही या वयाला पूर्ण नागरिकासारखं वागवलेलं नाही. कार्डावर असे दुधारी दाखले मुद्दाम ठेवले.

निर्णयाचा पहिला प्रसंग: पक्षादेश

मतविभागणी खरी घ्यायची तर पक्षादेश काढायचा का? प्रतोद झालेल्या मुलाचा आग्रह होता की काढायचा, कारण १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं आणि खऱ्या संसदेत असंच चालतं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण पक्षादेश काढला तर २८ विरुद्ध १९ हे बाकांच्या मांडणीतच ठरलेलं होतं. २८ ला ४७ ने भागा, साठ टक्क्यांच्या जरा खाली येतं. दोन तृतीयांश नाही. म्हणजे विधेयक पडणार हे चर्चेआधीच पक्कं.

शेवटी दोन्ही पक्षांनी आपापल्या सदस्यांना विवेकानुसार मत द्यायची मुभा दिली, आणि प्रतोदांनी तशी घोषणा सभागृहात करायची असं ठरलं. माझ्या मते हा बरोबर निर्णय होता. पण त्यामुळे प्रतोद या भूमिकेला काहीच काम उरलं नाही, हेही खरं.

निर्णयाचा दुसरा प्रसंग: न लिहिलेली दुरुस्ती

सादरीकरणाच्या दिवशी चार सदस्य गैरहजर होते. हजर ४४. चर्चा रंगली. विरोधी बाकांनी चार दिनांकांचा मुद्दा काढताच तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने ती फट बरोबर पकडली.

मग दुरुस्त्यांच्या टप्प्यावर एक मुलगा उठला. त्याच्या हातात कार्ड नव्हतं, वहीचं फाडलेलं पान होतं. त्याची दुरुस्ती: सोळा वर्षं हे वय फक्त ग्रामपंचायत आणि नगरपालिका निवडणुकांसाठी ठेवावं. आधार म्हणून त्याने १९८८ च्या विधेयकाचं उद्देश व कारणांचं निवेदन दिलं. त्यात म्हटलं होतं की काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांसाठी आधीच अठरा वर्षं स्वीकारली आहेत. “तेव्हाही आधी खाली करून पाहिलं, मग वर नेलं,” तो म्हणाला. बाकं वाजली. दोन्ही बाजूंची.

संहितेत याचं उत्तर नव्हतं. अध्यक्षाने महासचिवाकडे पाहिलं, महासचिवाने शिक्षिकांकडे, आणि शिक्षिका काही बोलल्या नाहीत. अध्यक्ष झालेल्या मुलीने दोन मिनिटांसाठी कामकाज तहकूब केलं. परत येऊन तिने निर्णय दिला: दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेत हवी. अनुच्छेद ३२६ फक्त लोकसभा आणि विधानसभांबद्दल आहे. पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुकांबद्दल कायदा करणं राज्य विधानमंडळाचं काम. म्हणून दुरुस्ती स्वीकारता येत नाही, मात्र सन्माननीय सदस्यांचा मुद्दा कामकाजात नोंदला जाईल.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. पण त्या पानातला प्रस्ताव दिवसभरातला सर्वांत व्यवहार्य होता, कारण त्याला घटनादुरुस्ती लागतच नाही. तो मांडायची जागा हे सभागृह नव्हतं, एवढंच.

मतविभागणी आणि निकाल

महासचिवाने नावं पुकारून मतं घेतली. अनुकूल २४, प्रतिकूल ११, तटस्थ ८. अध्यक्षाने सुरुवातीला मत द्यायचं नसतं, म्हणून तिची मोजणी नाही.

आकडे फळ्यावर आल्याबरोबर सत्ताधारी बाकांनी जल्लोष केला. २४ आणि ११ मिळून ३५, त्यांचे दोन तृतीयांश २३ पूर्णांक काही, म्हणजे २४ पुरेसे. तो संपेपर्यंत महासचिव थांबला आणि मग त्याने दुसरी ओळ वाचली. एकूण सदस्यसंख्या ४८. तिचं बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त, किमान २५. मिळाली २४. विधेयक एका मताने पडलं.

लगेच सत्ताधारी बाकांवरून मागणी आली की अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत द्यावं. अध्यक्ष मनाने विधेयकाच्या बाजूची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्या एका मताने पंचवीस होत होते. तिने नकार दिला. अनुच्छेद १०० प्रमाणे अध्यक्षाचं मत समसमान झाली तरच. २४ विरुद्ध ११ समान नाहीत. एका सदस्याने हरकतीचा मुद्दा काढला, तो फेटाळला गेला, आणि दोन बाकांवरच्यांनी सभात्याग केला. हे त्यांनी हौसेने केलं असावं, पण जाताना चिडलेले दिसत होते खरे.

त्यानंतर मी तटस्थ राहिलेल्या आठपैकी काहींशी बोललो. “आम्ही विरोध केला नाही,” असं त्यांचं म्हणणं. एका मुलीने मात्र कागदावर आकडे मांडून पाहिले आणि म्हणाली, “आमच्यापैकी एक जण ‘होय’ म्हणाला असता तर झालं असतं. आणि ते चौघं घरी बसले तेही ‘नाही’सारखंच मोजलं गेलं.” दोन तृतीयांशाच्या अटीत तटस्थ माणूस हिशेबाबाहेर राहतो, एकूण सदस्यसंख्येच्या अटीत तो विरोधात जाऊन बसतो. पुस्तकात ही ओळ या मुलांनी आधी वाचलेली होती.

काय वेगळं करता आलं असतं

मतविभागणीच्या आधी दोन्ही अटींचे आकडे फळ्यावर लिहून ठेवायला हवे होते: सदस्य ४८, लागणारी मतं किमान २५. शिक्षिकांनी ते मुद्दाम टाळलं, धक्का बसावा म्हणून. धक्का बसला, पण तटस्थ राहणाऱ्यांना आपण काय करतोय हे न कळता मत द्यावं लागलं. खऱ्या सभागृहात प्रतोद हाच हिशेब करून सदस्यांच्या मागे लागतो. इथे पक्षादेश नव्हता तरी ते काम प्रतोदांना देता आलं असतं, आणि त्यांची भूमिकाही रिकामी राहिली नसती.

दुरुस्त्यांची सूचना आदल्या दिवशी लेखी घ्यायची अट ठेवता आली असती. संसदेतही पूर्वसूचनेचा नियम आहेच. तसं केलं असतं तर फाडलेल्या पानावरची दुरुस्ती अध्यक्षाला आधी कळली असती आणि तहकुबी टळली असती. पण मग ती दोन मिनिटंही मिळाली नसती, आणि त्या दिवशी सर्वांत जास्त अभ्यास त्याच दोन मिनिटांत झाला. मी असतो तर पूर्वसूचनेची अट ठेवली असती, मात्र तपासणीचं काम शिक्षिकांकडे न देता अध्यक्ष आणि महासचिवाकडेच सोपवलं असतं.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चा उल्लेख संहितेत कुठेच नव्हता, ही उणीव शेवटपर्यंत राहिली. त्याच्या कलम १९ मध्येही अठरा वर्षं लिहिलेली आहेत. अनुच्छेद ३२६ बदलला तरी तो कायदा न बदलता सोळा वर्षांच्या मुलाचं नाव यादीत चढणार नाही. विरोधी बाजूला हा मुद्दा सापडला असता तर मंत्र्यांना “दुसरं विधेयक कुठे आहे?” या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. पुढच्या तुकडीसाठी तयार केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात आता हे कार्ड घातलं आहे, आणि ते सत्ताधारी बाकांवरच्याने लिहून समोर द्यायचं आहे.